दीड तासाचा कबड्डी सामना, पावणेसहा मिनिटांत: काय ठेवायचं ते कसं ठरवलं

आमच्या मंडळाच्या मुली १४ डिसेंबर २०२५ ला, रविवारी, पूर्व नागपुरातल्या एका मैदानावर खुल्या गटाचा अंतिम सामना खेळल्या आणि ३१-३४ ने हरल्या. मंडळ पहिल्यांदाच अंतिम फेरीपर्यंत पोचलं होतं, म्हणून ११ जानेवारीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या सामन्यातले क्षण पडद्यावर दाखवायचे ठरले. वेळ मिळाली सहा मिनिटं. हाती होतं एक तास चौतीस मिनिटांचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. मी पूर्वी खेळायचे आणि आता मंडळाची गुणलेखनाची कामं बघते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. व्हिडिओ कापण्याचं काम मी याआधी कधी केलं नव्हतं. तुमच्या मंडळात उद्या हेच कुणाच्या गळ्यात पडलं तर चाचपडत बसावं लागू नये, म्हणून झालं तसं सगळं लिहिते.

पहिली अडचण फाइल हातात येण्यापासूनच होती. भाच्याने मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या सरळ समोर, स्टँडवर फोन लावून सामना घेतला होता. फाइल होती बारा जीबीच्या आसपास. तो सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन आला, पण त्यात फाइल काही जाईना. पडद्यावर यायचं, `The file is too large for the destination file system`. पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा होता, रिकामा होता, तरी हेच. कारण असं की पेनड्राइव्ह `FAT32` या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग जागा कितीही असो. `exFAT` करून घेतला आणि काम झालं. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी बघून घ्या. सामन्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून मात्र मागवू नका. तो दाबून लहान होऊन येतो आणि मग बोनस रेषेवरचा पाय दिसत नाही.

दुसरी गोष्ट गुणपत्रिकेची. मला अधिकृत गुणपत्रिकेची प्रत हवी होती. आयोजकांनी सांगितलं, मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, अध्यक्षांची सही आणि शिक्का पाहिजे. मंगळवारी गेले तर शिक्का पुसट उमटला म्हणून परत पाठवलं. गुरुवारी, १८ तारखेला, प्रत मिळाली. झेरॉक्सचे दहा रुपये, दोन फेऱ्यांचे ऑटोचे तीनशे वीस. त्याच अर्जात मी एक ओळ जास्त घातली होती, की रेकॉर्डिंगमधले अंश कार्यक्रमात दाखवायला हरकत नाही. ती घातली हे बरं झालं, नाहीतर त्यासाठी तिसरी फेरी झाली असती. आमच्या दोन मुली अठरा वर्षांखालच्या आहेत, त्यांच्या घरून लेखी होकार घेतला. समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांना फोन केला, त्यांनी आपल्या मुलींना विचारून दुसऱ्या दिवशी हो कळवलं.

शनिवारी, २० तारखेला, संघातल्या तिघी माझ्याकडे नंदनवनला आल्या. चहा झाला, लॅपटॉप उघडला आणि आम्ही 'चांगल्या चढाया' शोधायला बसलो. दोन तासांत पूर्वार्धसुद्धा संपला नाही आणि ठेवायच्या चढायांची लांबी चौदा मिनिटांवर गेली. प्रत्येकीला आपली चढाई चांगली वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही प्रत्येक वाटत होती. एकदा ठेवलेली चढाई काढायची म्हटलं की जिची ती तिचा चेहरा उतरायचा. त्या रात्री मी ठरवलं की आधी नियम लिहायचा आणि तो व्हिडिओ न बघता लावायचा. नियमात जे बसेल ते राहील. पटलं नाही तर नियम बदलायचा, पण एखादी चढाई हाताने आत घालायची नाही की बाहेर काढायची नाही.

हे कबड्डीत जमतं, कारण चढाई हा खेळाचा आपसूक पडलेला तुकडा आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडते तेव्हा ती सुरू होते, ती परत येते किंवा बाद होते तेव्हा संपते, आणि जास्तीत जास्त तीस सेकंद चालते. फक्त गुणपत्रिकेत प्रत्येक चढाईची नोंद नसते. तिथे चढते गुण असतात, कोण बाद झालं ते असतं, पण रिकाम्या गेलेल्या चढाया आणि त्यांची वेळ नसते. ती यादी मला व्हिडिओ बघून स्वतः करावी लागली. एक्सेलमध्ये एका ओळीला एक चढाई: क्रमांक, व्हिडिओतली वेळ, कोणत्या संघाची, चढाईपटूचा नंबर, आम्हाला गुण, त्यांना गुण. शेवटी एक रकाना 'तिसरी चढाई'चा. एकाच संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्यांना एक गुण. रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचे, तीन रात्री लागल्या. एकूण ९४ चढाया भरल्या.

यादी पूर्ण झाली की बेरीज गुणपत्रिकेशी जुळलीच पाहिजे. माझी आली ३०-३४. आमचा एक गुण कुठेतरी हरवला होता. पुन्हा सगळा व्हिडिओ बघायची गरज नसते. मध्यंतराचा गुणफलक गुणपत्रिकेत १४-१७ होता, माझ्या यादीत १३-१७. म्हणजे चूक पूर्वार्धात. मग पूर्वार्धाच्या अर्ध्यावर जाऊन फ्रेमच्या कोपऱ्यात दिसणारा गुणफलक वाचला, तिथे जुळत होतं. उरलेल्याच्या अर्ध्यावर गेले, तिथे जुळत नव्हतं. असं चार-पाच उड्यांत ती चढाई सापडली. ऐन वेळी एक गृहस्थ फोनसमोर उभे राहिले होते, त्यांच्या पाठीमागे पंचांनी बोनससाठी वर केलेला अंगठा झाकला गेला होता. मी ती चढाई रिकामी म्हणून लिहिली होती. तुम्ही रेकॉर्डिंग करणार असाल तर गुणफलक फ्रेममध्ये येईल असाच फोन लावा, आणि स्टँड माणसांच्या डोक्यांच्या वर काढा.

आता नियम. पहिला विचार साधा होता, की गुण मिळालेली प्रत्येक चढाई ठेवायची. अशा ४५ निघाल्या, म्हणजे जवळपास तेरा मिनिटं. दुपटीहून जास्त.

मग लिहिलं: ज्या चढाईत दोन किंवा अधिक गुण पडले ती ठेवायची. ही ओळ मला फार आवडली, कारण अव्वल पकड, अव्वल चढाई, लोण यांच्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. तीन किंवा कमी गडी मैदानात असताना पकड केली की पकडीचा एक आणि वरचा एक असे दोन गुण मिळतात. लोण पडला की बाद केल्याच्या गुणावर आणखी दोन. सगळं एकाच ओळीत आपोआप येतं. एक्सेलमध्ये, आमचे गुण `E` मध्ये आणि त्यांचे `F` मध्ये असतील तर:

```
=IF(OR(E2>=2,F2>=2),"ठेवा","")
```

हे सूत्र लिहायच्या आधी मी आणि भाच्याने नियम वेगवेगळा लावून बघितला होता. मी माझ्या प्रिंटवर खुणा केल्या, त्याने त्याच्या. दोन ठिकाणी आमचं जुळलं नाही. दोन्ही ठिकाणी चढाईपटूने बोनस घेतला होता आणि मग ती पकडली गेली होती. तिच्या संघाला एक, समोरच्यांना एक. त्याने दोन गुण मोजले, मी मोजले नाहीत. चूक कुणाचीच नव्हती, नियमाचं वाक्य अर्धवट होतं. 'एकाच संघाला दोन किंवा अधिक' असं केलं आणि प्रश्न मिटला. तुमच्या नियमाचं वाक्य पक्कं आहे का हे बघायचं असेल तर ते अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते लिहिलेलं नाही, आणि तो खुणा करत असताना शेजारी बसून समजावू नका.

या ओळीने १३ चढाया दिल्या. त्या सलग बघितल्या तर सामना कळतच नव्हता. कोण पुढे, कोण मागे, काही अंदाज येईना. म्हणून दुसरी ओळ घातली: ज्या चढाईने बरोबरी झाली किंवा एखाद्या संघाने आघाडी घेतली ती ठेवायची. अशा १४ निघाल्या, आणि त्यातल्या आठ पहिल्या सात मिनिटांतल्या! शून्य-शून्यवरून सुरू होणाऱ्या सामन्यात १-०, १-१, २-१ असं होतच असतं, पहिला गुण तर नेहमीच आघाडी देतो. त्या आठ चढायांमध्ये बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग ही ओळ फक्त उत्तरार्धाला लावली. उरल्या सहा, त्यातल्या दोन आधीच आत होत्या. एकूण १७ झाल्या.

२७ तारखेला मुलींना यादी दाखवली. चार नंबरची आमची डावी कोपरारक्षक गप्प बसून होती. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "ताई, माझी एकबी पकड नाही दिसून राहिली त्यात."

मी यादी पुन्हा काढली. तिने त्या सामन्यात पाच पकडी केल्या होत्या, संघात सगळ्यात जास्त. नियमात एकही बसत नव्हती. दोष गुणांच्या हिशेबात होता. चढाईपटू एका चढाईत दोन-तीन गुण आणू शकते. बचाव करणारीला मात्र पूर्ण संघ मैदानात असताना कितीही अवघड पकड केली तरी एकच गुण मिळतो. दोन गुणांची अट घातली की चढाईपटू आत येतात आणि कोपरे बाहेर राहतात. बघायला अट सारखी वाटते, पण ती चढाईकडे झुकलेली आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, मी स्वतः उजव्या कोपऱ्यात खेळलेली आहे.

प्रत्येक पकड ठेवली असती तर पुन्हा दहा मिनिटांवर गेलो असतो. शेवटी तिसरी ओळ अशी झाली: तिसऱ्या चढाईत पकड होऊन चढाईपटू बाद झाली तर ती ठेवायची. त्या चढाईत दोघींनाही माघार नसते. चढाईपटूला आत यावंच लागतं आणि कोपऱ्याला थांबायचं असतं, म्हणून पकडीचा कस तिथे दिसतो. 'पकड होऊन' हे शब्द मुद्दाम घातले, कारण तिसऱ्या चढाईत वेळ संपूनही बाद होता येतं आणि ते बघण्यात काही नसतं. अशा सहा होत्या, दोन आधीच आत, चार नव्या. एकूण २१. चार नंबरच्या दोन पकडी आल्या. बाकी तीन राहिल्याच, आणि ते मी तिला तसं सांगितलं.

नियम दोन्ही संघांना सारखा लागत होता, त्यामुळे २१ पैकी १० चढायांत सरशी समोरच्यांची होती. यावरून मंडळात बोलणं झालं. एक काका म्हणाले, "कार्यक्रम आपला, अन् टाळ्या त्यांच्यासाठी वाजवायच्या काय?" मी त्यांना त्यांचे दहा काढून दाखवले. उरलेल्या अकरांत आम्ही सतत गुण घेतोय आणि शेवटी हरलोय, मधलं काही कळत नाही. काकांनी दोन्ही बघितले आणि 'राहू दे' म्हणाले.

कुठून कुठे कापायचं याचाही नियम केला. चढाईपटू मध्यरेषा ओलांडते त्याच्या एक सेकंद आधीपासून, पंचांनी गुणांची खूण केल्यानंतर दोन सेकंदांपर्यंत. चढाईच्या मधला भाग कापायचा नाही. मोह खूप होतो, कारण पहिले दहा-बारा सेकंद ती नुसती डावीकडून उजवीकडे फिरत असते. पण ती कुणाला हलवून बघतेय, कोणता कोपरा पाऊलभर पुढे सरकला, हे त्याच सेकंदांत असतं. अडुसष्टावी चढाई बघा. आमची नऊ नंबरची बोनस रेषेपर्यंत जाते, डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, मग दोघी कमरेला आल्या, आणि ती तिघींना ओढत परत यायला लागते. मध्यरेषेजवळ ती पालथी पडते, उजवा हात लांब करते, आणि बोटांची टोकं रेषेवर टेकतात त्याच क्षणी शिट्टी वाजते. पंच लगेच काही खूण करत नाहीत, रेषापंचांकडे जातात. ती तशीच पडून मान वर करून त्यांच्याकडे बघते. मग पंच तीन बोटं दाखवतात. हा तुकडा ३६ सेकंदांचा झाला, सगळ्यात लांब, आणि आमच्या नियमाने तो पूर्ण ठेवावा लागला.

कापायला मी एफएफएमपेग वापरलं. ते फुकट आहे, पण आज्ञा टाइप कराव्या लागतात. आधी मी `-c copy` लावून कापत होते, क्षणात काम व्हायचं. पण तुकडे ठरवलेल्या जागेच्या आधीच सुरू व्हायचे, कधी चित्र थिजलेलं आणि आवाज पुढे. कारण रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते असतं. न बदलता नुसती नक्कल करून कापलं तर तुकडा त्या पूर्ण चित्रापासूनच सुरू होऊ शकतो. एक-दोन सेकंदांचा फरक बाकी कुठे चालेल, चढाईत चालत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा नव्याने बनवला:

```
ffmpeg -ss 01:04:12 -i final.mp4 -t 36 -vf fps=30 -c:v libx264 -crf 20 -c:a aac 15.mp4
```

`-ss` म्हणजे सुरुवात, `-t` म्हणजे किती सेकंद. `fps=30` लावायचं कारण, मोबाइल कमी उजेडात फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो, आणि आमचा सामना संध्याकाळी दिव्यांखाली झाला होता. ते न लावता तुकडे जोडले तेव्हा शेवटाकडे शिट्टी आधी आणि पंचांचा हात नंतर असं होत होतं. सगळे तुकडे झाल्यावर `list.txt` मध्ये त्यांची नावं, एका ओळीत एक, `file '01.mp4'` अशी लिहायची आणि जोडायचं:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy reel.mp4
```

इथे `copy` चालतं, कारण सगळे तुकडे एकाच पद्धतीने बनवलेले आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपवर कापायला वीसेक मिनिटं लागली. लांबी आली ५ मिनिटं ४१ सेकंद. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात त्या चढाईआधीचा गुणफलक लिहिला, आणि जिथे तिसरी चढाई होती तिथे तसं लिहिलं. ते लिहिणं मोबाइलवरच्या ॲपमध्ये केलं, आज्ञेने मराठी अक्षरं नीट उमटवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. गाणं लावलं नाही. मैदानावरचाच आवाज ठेवला, चढाईचा दम ऐकू यायला हवा होता.

एकूण खर्च नऊशेच्या आत. त्यात ऑटो, झेरॉक्स, प्रिंट आणि सीताबर्डीवरून घेतलेला एक नवा पेनड्राइव्ह. वेळ मात्र तीन आठवड्यांतल्या साधारण अकरा संध्याकाळी. त्यातल्या सहा यादी आणि नियमात गेल्या, कापण्यात दोनच.

११ जानेवारीला दाखवलं. समोरच्या संघाच्या दोन मुली आणि त्यांचे प्रशिक्षक आले होते. त्यांनी फाइल मागितली, मी चढायांची यादीही सोबत दिली.

एक चढाई मला राहून राहून आठवत होती. सत्तेचाळीसावी. बावीस नंबरची, अठरा वर्षांची, तिचा हा पहिलाच अंतिम सामना. पाच जणींच्या साखळीत ती शिरते, दोघी एकदम झेपावतात, आणि ती त्यांच्या मधून अंग चोरून कुणाचाही स्पर्श न होता निसटते. गुण शून्य. यादीत समोर दोन्ही रकान्यांत शून्य, कुठल्याच ओळीत न बसणारी. नियम मोडला नाही. कार्यक्रम झाल्यावर रात्री तेवढाच एकोणीस सेकंदांचा तुकडा वेगळा कापला आणि तिला पाठवला. थोड्या वेळाने तिचा निरोप आला, "ताई, मी अशी निघाली होती काय? मले तर आठवतच नाही."